वळणावरचा उजेड

गेल्या पावसाळ्यात आमचं इंटरनेट अचानक बंद पडलं. भिंतीवरच्या डब्यावरचा LOS लिहिलेला दिवा लाल लुकलुकत होता. दुरुस्तीला आलेल्या मुलाने पेनाएवढी लेझर बत्ती फायबरच्या टोकाला लावली आणि खोलीतले दिवे घालवले. कपाटामागे, जिथे वायर दुमडली होती, तिथे पिवळ्या आवरणातून लाल ठिपका उमटला. "काका, तुटलेली नाही. वळणातून उजेड बाहेर पडतोय," तो म्हणाला.

मग एरवी हा उजेड आत राहतो कसा? पाण्याने भरलेला काचेचा ग्लास डोळ्यांच्या वर धरा आणि पाण्याच्या पृष्ठभागाकडे खालून तिरकं पाहा. तो चांदीसारखा चमकताना दिसेल. दाट माध्यमातून विरळ माध्यमाकडे निघालेला प्रकाश पुरेसा तिरका आदळला, तर तो बाहेर न जाता सगळाच्या सगळा आत परततो. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन. घरचा आरसा दर वेळी थोडा प्रकाश गिळतो. इथे परतताना काहीच गळत नाही, म्हणून असंख्य वेळा परतूनही प्रकाश टिकतो.

फायबरच्या गाभ्यात किंचित दाट काच असते आणि तिच्याभोवती किंचित विरळ काचेचं वेष्टण. दोन्हींत फरक इतका कमी, की भिंतीशी साधारण पाच अंशांपेक्षा कमी कोन करून घासत जाणारा प्रकाशच आत राहतो. एवढी कडक अट असताना वायर वळवता कशी येते? गाभा जेमतेम 9 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक असतो. 3 सेंटिमीटर त्रिज्येचं वळण त्याच्या तीन हजार पटींहून मोठं. आपल्याला वळण दिसतं, पण प्रकाशाच्या दृष्टीने तो जवळजवळ सरळ रस्ताच असतो.

परावर्तनाचं हे चित्र थोडं सोपं केलेलं आहे. प्रकाश लहर असल्यामुळे त्याची कड गाभ्याबाहेरच्या वेष्टणातही पसरलेली असते. कवायतीत रांग वळते तेव्हा बाहेरच्या टोकाच्या माणसाला भराभर पावलं टाकावी लागतात. तसंच वळणावर या बाहेरच्या कडेला जास्त वेगाने जावं लागतं. वळण फार आवळलं की तिला तो वेग गाठता येत नाही, आणि ती सुटून बाहेर निघून जाते. आमच्या कपाटामागे हेच घडलं होतं.

त्या मुलाच्या मीटरवर आधी उणे 29 डीबीएम दिसत होते. डब्याला साधारण उणे 27 तरी लागतात. दुमड सोडवल्यावर आकडा उणे 20 झाला. तीन डेसिबल वाढले की प्रकाश दुप्पट होतो, म्हणजे नऊ डेसिबलमध्ये आठपट उजेड परत आला होता. सरळ टाकलेल्या चांगल्या फायबरमध्ये प्रकाश निम्मा व्हायला सुमारे पंधरा किलोमीटर लागतात. आमच्या त्या एका दुमडीने पंचेचाळीस किलोमीटरएवढं नुकसान केलं होतं.

हल्ली घरांसाठी जास्त वळण सोसणारं फायबरही मिळतं. तरी उरलेली वायर गुंडाळताना बशीएवढं वेटोळं करा, आणि तिच्यावर कपाट रेटू नका.