फराळाच्या मागणीचा अंदाज : सरासरी आणि वाढीचे गणित

दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय करणाऱ्यास भाजणी किती दळून घ्यावी आणि तेलाचे डबे किती मागवावेत, हे पहिला ग्राहक येण्यापूर्वीच ठरवावे लागते. माल कमी पडला तर ग्राहक दुसऱ्या दुकानाकडे वळतो आणि उरला तर भाऊबीजेनंतर त्याला पूर्वीचा भाव येत नाही. हा निर्णय मागील वर्षांच्या वहीवरून, साध्या सरासरीने आणि वाढीच्या संयमित अंदाजाने घेता येतो. मात्र त्याआधी वहीतील आकडे परस्परांशी तुलना करण्याजोगे करून घ्यावे लागतात.

ही पद्धत समजण्यासाठी एका घरगुती उद्योगाच्या चकलीविक्रीचे काल्पनिक उदाहरण घेता येईल. 2022 मध्ये 180 किलो, 2023 मध्ये 200 किलो, 2024 मध्ये 189 किलो आणि 2025 मध्ये 254 किलो चकली विकली गेली, असे मानू. येथे विक्री रुपयांत नव्हे, तर किलोंत मोजली आहे, कारण भाव वाढल्यामुळे वाढलेला गल्ला मागणी वाढल्याचा भास निर्माण करतो.

या चार आकड्यांपैकी शेवटच्या दोहोंना दुरुस्तीची गरज आहे. 2024 मध्ये लक्ष्मीपूजनाच्या दोन दिवस आधीच माल संपला, म्हणजे 189 किलो ही त्या वर्षीची मागणी नसून केवळ पुरवठ्याची मर्यादा होती. आदल्या दोन वर्षी त्या दिवसापर्यंत अनुक्रमे 162 आणि 180 किलो, म्हणजे एकूण विक्रीचा नऊ-दशांश भाग विकला गेला होता. त्याच प्रमाणाने 189 ला 0.9 ने भागले असता खरी मागणी सुमारे 210 किलो होती, असे दिसते. 2025 च्या विक्रीत एका कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी घेतलेली 30 किलोंची एकरकमी मागणी होती, आणि ती पुन्हा येईलच असे नसल्यामुळे वेगळी काढल्यावर 224 किलो उरतात.

आता 180, 200, 210 आणि 224 अशी मालिका मिळते आणि तिची सरासरी सुमारे 204 किलो येते. मालिका चढती असताना नुसती सरासरी नेहमी मागे राहते, कारण ती मधल्या काळाची स्थिती सांगते. म्हणून वार्षिक वाढीची सरासरी काढावी : 20, 10 आणि 14 यांची सरासरी सुमारे 15 किलो येते आणि ती अलीकडच्या 224 मध्ये मिळवली की 2026 साठी 239 किलोंचा अंदाज मिळतो. याउलट सर्वांत चांगल्या वर्षाची 11 टक्के वाढ धरली, तर हाच अंदाज 249 वर जातो. एका वर्षाचा उत्साह पुढच्या वर्षावर लादण्याचा धोका तो हाच.

अंदाजावर किती विसंबावे, हे तो मागील वर्षांवर चालवून पाहिल्यास कळते. 2024 पर्यंतचेच आकडे हाती आहेत असे समजून 2025 चा अंदाज काढला, तर नुसती सरासरी 197 सांगते आणि वाढ मिळवलेली रीत 225 सांगते, तर दुरुस्त केलेली मागणी 224 होती. तीच रीत 2024 साठी मात्र 220 सांगते आणि प्रत्यक्षात 210 आले, म्हणजे दहा किलोंची चूक संभवते. त्यामुळे 239 या एकाच आकड्यावर न थांबता सुमारे 230 ते 250 किलोंचा पल्ला धरणे योग्य ठरते.

दुसरी अडचण पंचांगाची आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असल्यामुळे आणि अधूनमधून अधिक महिना येत असल्यामुळे दिवाळीची तारीख पुढेमागे सरकते. लक्ष्मीपूजन 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला होते, तर 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ते 8 नोव्हेंबरला येते. ऑक्टोबरची विक्री ऑक्टोबरशी ताडून पाहिली, तर यंदा मागणी कोसळली असा चुकीचा निष्कर्ष निघेल. म्हणून वहीत तारखेसोबत ‘लक्ष्मीपूजनाला उरलेले दिवस’ असा रकाना हवा.

हाच रकाना हंगाम सुरू झाल्यावरही उपयोगी पडतो. मागील वर्षी एक आठवडा आधीपर्यंत 40 टक्के माल खपला होता आणि यंदा त्याच टप्प्यावर 108 किलो खपले असतील, तर एकूण मागणी 270 किलोंकडे झुकते. 84 किलोच खपले असतील, तर ती 210 किलोंच्या आसपास राहील. भाजणी चकलीपेक्षा अधिक टिकत असल्याने ती 250 किलो चकलीच्या हिशेबाने तयार ठेवावी आणि तळण मात्र टप्प्याटप्प्याने करावे, म्हणजे अंदाज चुकला तरी नुकसान मर्यादित राहते.

या रीतीला यंत्राची गरज नाही, पण नोंदीची आहे. रोजची विक्री किलोंत लिहावी, माल कोणत्या दिवशी संपला आणि एकरकमी मागणी किती होती हेही त्याच पानावर टिपावे; या दिवाळीत ठेवलेली अशी वही पुढील वर्षीच्या अंदाजाचा सर्वांत भक्कम आधार ठरेल.