वही दाखवायला मोबाइलचा कॅमेरा
उर्दूत ‘बे’ आणि ‘ते’ यांत फरक फक्त नुक्त्यांचा. लॅपटॉपसमोर वही धरली की मुलांना नेमके तेच दिसत नाहीत. म्हणून आम्ही टेबलावर फूटभर उंच पुस्तकं रचतो. त्यावर मोबाइल आडवा ठेवून कॅमेऱ्याचं टोक बाहेर काढतो, दुसऱ्या टोकावर जाड पुस्तक ठेवतो. त्याच लिंकवरून मोबाइलही तासाला जोडून मागचा कॅमेरा सुरू करायचा. मात्र मोबाइलचे माइक आणि स्पीकर बंद ठेवायचे, नाहीतर आवाज घुमतो. सपाट ठेवलेल्या मोबाइलला वरची बाजू कळत नाही, चित्र मध्येच फिरतं. म्हणून ऑटो-रोटेट आधीच बंद करा. उर्दू उजवीकडून लिहितात, त्यामुळे लिहिलेलं हाताखाली झाकलं जातं. प्रत्येक शब्दानंतर हात बाजूला घ्या, मुलांना नुक्ते मोजू द्या.