शाडूच्या मूर्तींचं बुकिंग कुठे थांबवायचं?

शाडूच्या मूर्तींच्या छोट्या कारखान्यात मर्यादा हातांपेक्षा वाळवणाची असते. मूर्ती सावलीत हळूहळू वाळते. कडक उन्हात ठेवली तर तडे जातात आणि पावसाळी हवेत वेळ आणखी वाढतो.

म्हणून हिशोब फळ्यांपासून करावा. समजा, फळ्यांवर 30 मूर्ती मावतात आणि एक खेप वाळायला 15 दिवस लागतात. रंगकामाआधी दोन महिने हातात असतील, तर चार खेपा, म्हणजे 120 मूर्ती. तुटफुटीसाठी 15 बाजूला ठेवायच्या आणि बुकिंग 105 वर बंद!

पुढची नावं वहीत क्रमाने, उंचीसह लिहावीत. आगाऊ रक्कम मात्र घेऊ नये. कुणी ऑर्डर रद्द केली किंवा राखीव मूर्ती शाबूत राहिल्या, की त्याच क्रमाने फोन करावा. रंगकाम सुरू झालं की उरलेल्यांना लगेच स्पष्ट नाही सांगावं. त्यांना दुसरीकडे मूर्ती शोधायला वेळ मिळतो.

जास्त ऑर्डरी घेतल्या की ओल्या मूर्तींवर रंग चढतो आणि नंतर पोपडे सुटतात. रंगवण्यापूर्वी मूर्तीचा तळ पाहा. तो गडद दिसला किंवा हाताला गार लागला, तर आत ओल आहे.