गोड बातमीचा मेसेज

मराठी घरात गोड बातमी कुणाला आधी कळली, हे बाळाच्या लग्नापर्यंत लक्षात ठेवलं जातं. ‘तिकडे आदल्या दिवशीच माहीत होतं म्हणे’ हे वाक्य ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. म्हणून मेसेज लिहायला बसण्याआधी फोन करावेत. दोन्हीकडच्या आयांना एकाच संध्याकाळी, एकापाठोपाठ एक. घरात आजी असेल तर तिलाही आवाजानेच सांगावं. मेसेज त्यानंतरचा. त्याचं काम बातमी फोडण्याचं नसतं. फोनवर आनंदाच्या भरात जे बोलायचं राहून जातं, ते तो नीट सांगतो.

पण कधी सांगायचं? तीन महिने कुणाला सांगू नये, अशी आपल्याकडची जुनी रीत. नजर लागते वगैरे कारणं सोडून दिली तरी तिच्यामागे एक खरी गोष्ट आहे. लक्षात आलेल्या दर 100 गर्भारपणांपैकी साधारण 10 ते 15 टिकत नाहीत आणि त्यांतली बहुतेक पहिल्या 12 आठवड्यांतच संपतात. दुसरीकडे मळमळ, उलट्या आणि थकवा यांचा जोरही याच आठवड्यांत असतो. म्हणजे मदत सर्वांत जास्त हवी तेव्हा तोंड बंद ठेवायचं! मला यावर एकच कसोटी पटते. दुर्दैवाने काही बिनसलं तर ज्यांना तुम्ही रडत फोन कराल, त्यांना सहाव्या-सातव्या आठवड्यातही सांगायला हरकत नाही. अशी माणसं दोन-चारच असतात. बाकीच्या जवळच्यांना पहिल्या तिमाहीची सोनोग्राफी झाल्यावर सांगावं.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक जोडपं पुण्यात राहतं, सासर सांगलीला, माहेर नाशिकला. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस 5 जानेवारी. डॉक्टर त्यात 280 दिवस मिळवतात, किंवा सात दिवस आणि नऊ महिने पुढे मोजतात. तारीख येते 12 ऑक्टोबर. पहिल्या तिमाहीची ती सोनोग्राफी 11 ते 14 आठवड्यांच्या दरम्यान, म्हणजे मार्चअखेर ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. ती नीट झाली की एप्रिलच्या मध्याला बातमी सांगता येते. बाळाचे अवयव तपशिलात पाहणारी पुढची सोनोग्राफी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. मेसेजचं वेळापत्रक या दोन तपासण्यांवरच बेतायचं.

12 ऑक्टोबर ही तारीख मात्र मेसेजमध्ये लिहू नये. नेमकी त्याच तारखेला जन्मणारी बाळं 100 मध्ये जेमतेम चार-पाच. तारीख एकदा सगळ्यांकडे गेली की 10 ऑक्टोबरपासून ‘काही हालचाल?’ म्हणून फोन सुरू होतात आणि 13 तारखेला सगळे उगाच काळजीत पडतात. ‘दसरा-दिवाळीच्या सुमारास’ एवढं पुरतं.

सोनोग्राफीचा फोटो पाठवायचा मोह होतो. त्याच्या कडेला आईचं नाव, तारीख, बहुतेक वेळा दवाखान्याचं नावही छापलेलं असतं. पाठवायचाच असेल तर कडा कापून पाठवावा. मग ‘काय दिसतंय, मुलगा की मुलगी?’ हा प्रश्न येणारच. 1994 च्या कायद्याने डॉक्टरांना ते शब्दाने, खुणेने, कशानेही सांगायला बंदी आहे. ‘ते दिवाळीलाच कळणार’ एवढ्या हसऱ्या उत्तरावर विषय मिटवता येतो, त्यासाठी मेसेजमध्ये ओळ खर्च करायला नको.

खरी कसोटी अपेक्षा सांगण्यात आहे. ‘कृपया कुणी सल्ले देऊ नयेत, सारखे फोन करू नयेत’ असं लिहिलेला मेसेज सोसायटीच्या नोटिशीसारखा वाटतो आणि ज्या काकूंसाठी लिहिला त्या सोडून बाकी सगळे दुखावतात. नकार लिहिण्याऐवजी वेळ लिहावी. फोन करू नका, यापेक्षा अमुक दिवशी निवांत बोलू. कुणाला सांगू नका, यापेक्षा अमुक महिन्यानंतर तुम्हीच सांगा. मुदत दिली की गुपित सांभाळणं सोपं जातं आणि पुढे सांगण्याचा मानही त्या माणसाकडे राहतो. आणि प्रत्येकाला काहीतरी करायचं असतं, तेव्हा खरोखर हवी असलेली एखादी छोटी गोष्ट मागून टाकावी.

आपल्या जोडप्यातल्या तिचा मेसेज असा होऊ शकतो:

‘आई, बाबा, आजी, ताई, दादा, फोनवर घाईत बोलणं झालं म्हणून पुन्हा सांगतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे बाळ येणार आहे! तपासणी झाली, सगळं ठीक आहे. मला अजून उलट्या होतात, दिवसा फोन घेणं जमत नाही. रविवारी सकाळी आम्ही दोघं निवांत बोलू. मेअखेरपर्यंत बातमी या ग्रुपपुरतीच ठेवू या, मग बाकीच्यांना तुम्हीच सांगा. डोहाळजेवण आणि बाळंतपण कुठे, ते पावसाळ्यात एकत्र बसून ठरवू. तोवर आजीच्या हातचा मोरावळा मिळाला तर हवाच आहे.’

यातलं बाळंतपणाचं वाक्य मुद्दाम आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, हे नाशिककरांनी मनात धरलेलंच असतं. सांगलीकर सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणाचा हॉल बघू लागतात. सातवा महिना इथे जुलै-ऑगस्टमध्ये येतो, म्हणून पावसाळ्याचा वायदा. प्रश्न टाळलेला नाही, त्याला फक्त पुढची जागा दिली आहे.

हा मेसेज चाळीस जणांच्या ‘आपला परिवार’ ग्रुपवर टाकायचा नाही. तिथे कोण कोण आहे हे आपल्यालाच आठवत नसतं. सात-आठ जणांचा वेगळा ग्रुप करावा. दोन्हीकडे वेगवेगळे ग्रुप असतील तर मजकूर शब्दशः तोच ठेवावा आणि मोरावळ्याच्या जागी तिकडच्या आजीचं मेतकूट घालावं. एका बाजूला मेअखेर आणि दुसऱ्या बाजूला ‘थोडे दिवस’ असं गेलं, की विहिणींच्या पहिल्याच फोनमध्ये ते उघडं पडतं.

एका व्यक्तीचा मात्र वेगळा विचार करायला हवा. घरातली एखादी वहिनी किंवा बहीण बरेच दिवस मुलासाठी उपचार घेत असेल, किंवा नुकतंच तिचं मूल पोटात गेलं असेल, तर तिला ग्रुपवर बातमी कळू देऊ नये. फोनही नको, कारण फोनवर लगेच आनंद दाखवावा लागतो. आदल्या दिवशी तिला एकटीला दोन ओळी पाठवाव्यात: ‘उद्या घरात सगळ्यांना सांगणार आहोत, त्याआधी तुला माझ्याकडून कळावं असं वाटलं. उत्तराची घाई नाही, तुला वाटेल तेव्हा बोलू.’ तिथे आजीचा मोरावळा आणि उद्गारचिन्ह दोन्ही वगळावं.

इतकं करूनही कुणीतरी बातमी पुढे पाठवतंच. एखाद्या आत्याबाईंचं अभिनंदन एप्रिलमध्येच मोठ्या ग्रुपवर, गुलाबाच्या चित्रासकट येऊन पडतं. तिथे खुलासे करू नयेत, ‘धन्यवाद’ म्हणून थांबावं. ज्यांनी सांगितलं असेल त्यांना नवऱ्याने किंवा बायकोने, म्हणजे ज्याच्या बाजूचं माणूस त्याने, वेगळा फोन करावा. आणि मेअखेरीची वाट न बघता, ज्यांना ही बातमी तुमच्याच तोंडून कळायला हवी होती अशा उरलेल्यांना त्याच संध्याकाळी फोन करून टाकावेत.