बरणी फुटली तर?

घरगुती लोणच्यांच्या नव्या ऑनलाइन दुकानात परतीचा नियम दिसतो: ‘माल मूळ टॅगसह परत करा.’ लोणच्याला टॅग नसतो. हा मजकूर कपड्यांच्या दुकानातून उचललेला आहे, हे ग्राहकाला लगेच कळतं. त्यापेक्षा सरळ लिहावं: ‘बरणी फुटलेली आली तर दोन दिवसांत फोटो पाठवा, नवी बरणी किंवा सात दिवसांत पूर्ण पैसे देऊ. उघडलेली बरणी परत घेत नाही.’

संपर्कासाठी नुसता फॉर्म पुरत नाही. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार व्यवसायाचं अधिकृत नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं. तक्रारीची पोच ४८ तासांत. ‘आमच्याविषयी’मध्ये लोणचं कोण, कुठे घालतं ते सांगावं आणि १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक तिथेच द्यावा.