साडी तीच, पण परकर बदलला की फिगर कशी बदलते?

लग्नाच्या रील्समध्ये एक गोष्ट हमखास दिसते. शिफॉनची साडी नेसलेली नवरीची मैत्रीण कंबरेपासून गुडघ्यापर्यंत एकदम चापूनचोपून दिसते आणि खाली निऱ्या माशाच्या शेपटीसारख्या पसरतात. तीच साडी आईने नेसली तर ती कंबरेपासून सरळ घेरदार खाली येते. कमेंटमध्ये सगळे फिगरबद्दल बोलत असतात. पण खरा फरक असतो आतल्या कपड्यात. आईच्या साडीखाली सुती परकर असतो आणि मैत्रिणीच्या साडीखाली शेपवेअर.

कापडाला स्वतःचा आकार नसतो, ते ज्यावर टेकतं त्याचाच आकार घेतं. युरोपातल्या शिंप्यांना हे फार आधी कळलं होतं.

1850 च्या आसपास तिकडे घंटेसारख्या फुगलेल्या घागऱ्यांची फॅशन होती. तो फुगीरपणा आणायला बायका एकावर एक असे कितीतरी पेटीकोट घालायच्या. त्यातला एखादा घोड्याच्या केसांनी कडक केलेला असायचा. फ्रेंचमध्ये घोड्याच्या केसांना 'क्रिन' म्हणतात, त्यावरून 'क्रिनोलिन' हा शब्द आला. एवढ्या थरांचं वजन लटकायचं कंबरेवर. वर कॉर्सेट असायचं, म्हणजे देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्या किंवा स्टीलच्या पट्ट्या शिवलेली आणि पाठीमागे दोरीने आवळलेली चोळी. कॉर्सेट म्हटलं की आपल्याला फक्त आवळलेली कंबर आठवते. पण पेटीकोटच्या नाड्या थेट कातडीत रुतू नयेत आणि भार जास्त जागेवर पसरावा, हेही काम ते करायचं.

1856 मध्ये स्टीलच्या कड्यांचा पिंजरा बाजारात आला. फितींना टांगलेली कडी, वरची लहान आणि खालची मोठी. एवढ्या एका सांगाड्याने पेटीकोटचे बरेच थर वाचले. घागरा आणखी रुंद झाला, वजन मात्र कमी झालं. गंमत म्हणजे खालचा घेर एवढा वाढल्यावर कंबर फारशी न आवळताही बारीक वाटायची. डोळा इंच मोजत नाही, तो शेजारच्या गोष्टीशी तुलना करतो.

हीच युक्ती 1947 मध्ये ख्रिश्चन डिओरने वापरली. त्याच्या गाजलेल्या 'बार' जॅकेटला नितंबांवर पॅडिंग होतं. आत कंबर थोडी आवळली, बाहेर नितंब फुगवले आणि सगळ्या जगाला कंबरच दिसली.

शेपवेअरचं गणित याच्या उलटं आहे. 1958 मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्सचा धागा तयार केला. हा धागा ताणला की परत आखडतो. त्यामुळे पट्ट्या आणि दोऱ्या न लावताही कापडच शरीर दाबून धरू शकतं. साडीच्या शेपवेअरमध्ये नितंब आणि मांड्यांना असं ताणाचं कापड असतं आणि गुडघ्याखाली कळ्या जोडून घेर दिलेला असतो. चालता यावं म्हणून बऱ्याचदा बाजूला चीर ठेवतात.

पण दाबलेलं मांस गायब होत नाही, ते सरकतं. साईज लहान घेतली तर पट्ट्याच्या वर वळी येते आणि पट्टा बसताना गुंडाळला जातो. काढल्यावर बराच वेळ वळ राहिले किंवा पायाला मुंग्या आल्या, तर ते शेपवेअर तुमच्या मापाचं नाही. कांजीवरमसारख्या जाड, कडक साडीखाली तर शेपवेअरचा आकार फारसा दिसतही नाही. तिथे परकरच बरा.

मग परकर सगळ्यात सुरक्षित का? इथे एक गोष्ट माहीत हवीच. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये दोन वयस्कर बायकांच्या केसेस मांडल्या. दोघींच्या कंबरेजवळ न भरणारी जखम होती आणि तपासणीत तो त्वचेचा कॅन्सर निघाला. एकीची परकराची नाडी घट्ट असायची. दुसरी तर परकर घालतच नव्हती, ती वर्षानुवर्षं लुगडं कंबरेला घट्ट बांधत होती. मुंबईतल्या डॉ. खानोलकरांनी 1945 मध्येच धोतर नेसणाऱ्यांमधल्या अशा कॅन्सरबद्दल लिहिलं होतं. म्हणजे दोष परकराचा नाही, एकाच जागी रोज पडणाऱ्या दाबाचा आणि घासण्याचा आहे.

असा कॅन्सर दुर्मीळ आहे. पण नाडीच्या जागी काळा पट्टा, खाज आणि सालपटं कितीतरी घरांत दिसतात, आणि 'साडीमुळे होतंच' म्हणून कोणी ते दाखवत नाही. बारीक गोल नाडीऐवजी रुंद पट्ट्याचा परकर शिवून घेतला तर तेवढंच वजन जास्त जागेवर पसरतं. नाडी रोज थोडी वर-खाली बांधता येते, घरी आल्यावर सैल करता येते. आणि कंबरेवरची जखम काही आठवड्यांत भरली नाही, तर मलम बदलत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायची.