किआरोस्तामी पाहायचा तर आधी कोकेर गाठा

इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामीचं नाव ऐकून कुणी त्याचे चित्रपट पाहायला घेतो, तेव्हा बहुतेक वेळा सुरुवात ‘टेस्ट ऑफ चेरी’पासून होते. कारण उघड आहे. 1997 साली या चित्रपटाला कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, ‘पाम दोर’, मिळालं आणि इंटरनेटवरच्या प्रत्येक यादीत तो वरच असतो. मग दीड तास एक माणूस तेहरानबाहेरच्या धुळकट टेकड्यांवर गाडी फिरवत राहतो, अनोळखी लोकांना गाडीत घेतो, आणि आपण आत्महत्या केल्यावर खड्ड्यात माती टाकायला कुणी येईल का, असं विचारतो. त्याला मरायचं का आहे, हे शेवटपर्यंत सांगितलं जात नाही. पाहणारा वैतागतो आणि किआरोस्तामीवर कायमची फुली मारतो. रॉजर एबर्टसारख्या मुरलेल्या अमेरिकी समीक्षकानेही या चित्रपटाला एकच तारा दिला होता, तेव्हा सामान्य प्रेक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. चूक क्रमाची आहे.

बऱ्याच दिग्दर्शकांच्या बाबतीत कुठूनही सुरुवात केली तरी चालून जातं. किआरोस्तामीचं तसं नाही. त्याचा पुढचा चित्रपट मागच्या चित्रपटाच्या पोटातून निघतो, म्हणून मागचा पाहिलेला नसेल तर पुढच्यातली अर्धी गंमत हातची जाते.

पहिला पाहावा तो 1987 सालचा ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?’. उत्तर इराणमधलं कोकेर नावाचं खेडं. वर्गात मास्तर एका मुलाला दम देतात, की पुन्हा गृहपाठ वहीत केला नाहीस तर शाळेतून काढून टाकीन. त्याच्या शेजारी बसणारा अहमद घरी येतो आणि पाहतो, तर मित्राची वही चुकून आपल्याच दप्तरात आलेली. दोन्ही वह्या अगदी सारख्या. मित्र राहतो पलीकडच्या पोश्तेह गावात, घर माहीत नाही. अहमद आईला पुन्हा पुन्हा सांगू पाहतो, आई मात्र ‘आधी अभ्यास कर, मग बाळाकडे बघ’ याच्यापुढे जात नाही. शेवटी तो निसटतो आणि टेकडीवरच्या नागमोडी वाटेने धावत सुटतो. एवढीच गोष्ट, जेमतेम दीड तासाची. पण सगळी मोठी माणसं बोलताहेत आणि पोराचं कुणीच ऐकत नाही, हे पाहताना घरोघरची मंडळी ओळखीची वाटतात. आजोबा तर स्वतःच्या खिशात सिगारेट असताना नातवाला सिगारेट आणायला पिटाळतात, केवळ शिस्त लागावी म्हणून! टेकडीवरची ती नागमोडी वाट मात्र नीट पाहून ठेवा. ती किआरोस्तामीने चित्रपटासाठी मुद्दाम पाडून घेतली होती, आणि ती पुढे परत भेटणार आहे.

जून 1990 मध्ये त्या भागात भीषण भूकंप झाला आणि हजारो माणसं दगावली. आपल्या चित्रपटातली पोरं जिवंत आहेत का, हे पाहायला किआरोस्तामी तिकडे गेला. त्या प्रवासावरून त्याने 1992 मध्ये ‘अँड लाइफ गोज ऑन’ काढला. यात एक नट दिग्दर्शकाची भूमिका करतो, सोबत त्याचा लहान मुलगा असतो, आणि गाडीतून जाताना तो पहिल्या चित्रपटाचं पोस्टर लोकांना दाखवत विचारत सुटतो, की या मुलाला पाहिलंत का? वाटेत रूही नावाचे म्हातारे भेटतात. पहिल्या चित्रपटात त्यांनी काम केलेलं. ते तक्रार करतात, की तुमच्या लोकांनी मला होतो त्याहून म्हातारा केला, पाठीला कुबडही लावलं. मग ते आपल्या घरी नेतात आणि तिथे कबूल करतात, की हे घर माझं नव्हेच, चित्रपटवाल्यांनी मला दिलेलं घर आहे, माझं खरं घर पडलं, मी तंबूत राहतो. पहिला चित्रपट पाहिलेला असेल तरच हा प्रसंग पोटात गोळा आणतो आणि हसवतोही. नसेल तर ती एका म्हाताऱ्याची बडबड.

याच चित्रपटात भूकंपानंतर लगेच लग्न केलेला एक तरुण दोन-चार मिनिटांपुरता भेटतो. 1994 चा ‘थ्रू द ऑलिव्ह ट्रीज’ उभा आहे तो या दोन-चार मिनिटांवर. तो प्रसंग चित्रित कसा झाला, याची ही गोष्ट. पडद्यावर नवरा झालेला हुसेन प्रत्यक्षात नायिका ताहेरेवर जीव लावून बसलाय. त्याला घर नाही, लिहितावाचता येत नाही, म्हणून तिच्या घरच्यांनी नकार दिलेला. ती त्याच्याशी एक शब्द बोलत नाही. संवादात तिने त्याला ‘हुसेन आगा’ म्हणायचंय, तर ती नुसतं ‘हुसेन’ म्हणते आणि टेकवर टेक होत राहतात. शेवटच्या दृश्यात दोघं हिरव्या रानात लांबवर दोन पांढऱ्या ठिपक्यांएवढी होतात. तिने काय उत्तर दिलं, ते आपण ठिपक्यांच्या हालचालीवरून ओळखायचं. एवढ्याचसाठी सांगतो, हा चित्रपट मोबाइलवर पाहू नका. ठिपके दिसणारच नाहीत.

इथवर आलात की थोडं मागे जा. 1974 चा ‘द ट्रॅव्हलर’ घ्या. फुटबॉलचा सामना पाहायला तेहरानला जायचं म्हणून लबाडी करणारा मुलगा, फिल्म नसलेल्या कॅमेऱ्याने शाळेतल्या पोरांचे फोटो काढून पैसे उकळणारा. मग 1990 चा ‘क्लोज-अप’. हुसेन सब्झियान नावाच्या गरीब, सिनेमावेड्या माणसाने आपण प्रख्यात दिग्दर्शक मोहसेन मखमलबाफ आहोत असं भासवून एका कुटुंबात शिरकाव केला, आणि पकडला गेला. किआरोस्तामीने खरा खटला चित्रित केला आणि आधीच्या घटना त्याच माणसांकडून करवून घेतल्या. कोर्टात सब्झियान म्हणतो, की ‘ट्रॅव्हलर’मधला तो मुलगा म्हणजे मीच. ते पोर तुम्ही नुकतंच पाहिलेलं असेल, तर या वाक्यावर तुम्ही सरसावून बसाल. माझ्या मते किआरोस्तामीचा सर्वांत थोर चित्रपट हाच. पण तो पहिला पाहू नये. यात खरं कोणतं आणि रचलेलं कोणतं, हा प्रश्न आहे, आणि हा प्रश्न छळायला हवा तर आधी रूहींचं खोटं घर पाहिलेलं हवं.

आता ‘टेस्ट ऑफ चेरी’. कोकेरच्या तीन चित्रपटांना लोक त्रयी म्हणतात. किआरोस्तामीला ते फारसं पटत नव्हतं. त्यातले शेवटचे दोन आणि ‘टेस्ट ऑफ चेरी’ मिळून त्रयी होईल, कारण तिघांचा विषय जगण्याचं मोल आहे, असं त्याचं म्हणणं. पटण्यासारखं आहे. भूकंपातून उठलेली माणसं पाहून झाल्यावर मरायला निघालेल्या बादीईची गाडी कंटाळवाणी वाटत नाही. शेवटी पडद्यावर चित्रीकरण करणारी मंडळीच दिसू लागतात, तेव्हाही फसवणूक झाल्यासारखं वाटत नाही. ‘ऑलिव्ह ट्रीज’ने त्याची सवय लावलेली असते.

पुढचे चित्रपट सवडीने. गाडीतल्या दोन डिजिटल कॅमेऱ्यांवर काढलेला ‘टेन’ काहींना अतिशय आवडतो, मला कोरडा वाटला. जुलिएत बिनोशचा ‘सर्टिफाइड कॉपी’ इटलीत घडतो आणि ‘क्लोज-अप’नंतर पाहिला तर फार रंगतो. त्याच्या मृत्यूनंतर, 2017 मध्ये आलेला ‘24 फ्रेम्स’ मात्र अगदी शेवटी. गोष्ट नसलेली चोवीस दृश्यं आहेत ती, आणि नव्या माणसाला हमखास झोप येईल.

एकच संध्याकाळ हाताशी असेल तर अहमदची वही पाहा. तीही भावली नाही, तर किआरोस्तामी तुमचा दिग्दर्शक नव्हे असं खुशाल समजा आणि दुसऱ्याकडे वळा.